रात्रीची भाकरी सकाळी उलटून पडते तेव्हा

"आमचे सासरे 61 वर्षांचे आहेत, परभणी जिल्ह्यात खेड्यावर राहतात. 17 वर्षांपासून शुगर आहे, 6 वर्षांपासून इन्सुलिन: 30-70 चं, सकाळी 24 आणि रात्री 16 युनिट. हल्ली चार घास खाल्ले की त्यांचं पोट तटतं. आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी उलटी होते आणि त्यात रात्रीची भाकरी जशीच्या तशी दिसते. रात्री जेवल्यावर दीड तासात शुगर 58 झालेली बघितली, अन् त्याच पहाटे तीनला 286. उतरली की आम्ही पेढा नाहीतर बिस्किटं देतो. डॉक्टर म्हणाले, गॅस्ट्रोपॅरेसिस असेल, थोडं थोडं खाऊ घाला. पण थोडं म्हणजे किती आणि काय? शुगरसाठी भाकरी, मोडाची उसळ, मेथी, काकडी सगळं नेमानं देतो. एकादशीही धरतात. तीन महिन्यांत चार किलो वजन उतरलं."
(एक सून, जि. परभणी)

ताई,

गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणजे जठर मंदावून अन्न वेळेवर आतड्याकडे न सरकणं. पेढा आणि बिस्किट आजपासून बंद करा, बाकीचं त्यानंतर. शुगर 70 च्या खाली गेली की साखर लवकरात लवकर आतड्यात पोहोचली पाहिजे, कारण ती रक्तात शोषली जाते आतड्यातून, जठरातून नव्हे. पेढ्यातला खवा आणि बिस्किटातलं तूप जठराला आणखी सुस्त करतं, म्हणून ती साखर वेळेवर पोहोचतच नाही. त्याऐवजी ग्लुकोज पावडरीचे तीन चहाचे चमचे अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून प्यायला द्या. पावडर नसेल तर साखरेचं पाणी. 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून 70 च्या खाली असेल तर तेवढंच परत द्या. यांचं जठर मंद असल्यामुळे दुसऱ्यांदा द्यावं लागणं साहजिक आहे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीच घालू नका, थेट दवाखाना गाठा. डॉक्टरांकडून शुगर चढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरात ठेवण्याबद्दलही विचारून घ्या, कारण त्याला जठराची वाट बघावी लागत नाही.

आता भाकरी तशीच का पडते ते. जठराचा खालचा भाग म्हणजे जातं आहे. तो मिनिटाला साधारण तीन वेळा आवळतो आणि अन्न भरडत राहतो. पुढच्या तोंडाशी एक झडप आहे, ती चाळणीसारखी वागते: 1-2 मिलिमीटरपर्यंत बारीक झालेलं पुढे सोडते, जाड असेल ते जात्याकडे परत ढकलते. हे जातं चालवणारी व्हेगस नावाची नस आणि जठराच्या भिंतीतल्या ताल धरणाऱ्या पेशी बरीच वर्षं वाढलेल्या साखरेनं खराब होतात. पायाच्या नसा बधिर होतात त्यातलाच हा प्रकार आहे, फक्त पोटातला. जातं थंडावलं की भाकरी, उसळ, मेथीच्या काड्या तिथेच पडून राहतात. पातळ पदार्थाला भरडायची गरज नसते, म्हणून तो बऱ्याचदा नीट उतरतो. सगळा उपाय या एका फरकावर उभा आहे: जात्याचं काम आपण चुलीपाशी उरकायचं आणि जठराकडे दळलेलं पाठवायचं.

म्हणूनच शुगरसाठी सगळीकडे दिला जाणारा सल्ला, चोथा वाढवा, कोशिंबीर खा, भाकरी-उसळ खा, तो इथे उलटा पडतो. तुम्ही तो मनापासून पाळलात, चूक तुमची नाही. पण रोज दोन ज्वारीच्या भाकरी म्हणजे सव्वाशे-दीडशे ग्रॅम पीठ, आणि त्यातच 12 ते 15 ग्रॅम चोथा होतो. अशा रुग्णाला दिवसभरात मिळून साधारण 15 ग्रॅमच्या आत ठेवायचं असतं. तेलाचंही तसंच. स्निग्ध पदार्थ आतड्यात पोहोचले की आतडं जठराला थांबायचा निरोप पाठवतं. दिवसाला 40 ग्रॅमच्या आत राहायचं म्हणतात, आणि आपल्याकडची रात्रीची एक थाळी हिशोबाला घ्या: ठेच्यावर दोन चमचे तेल, 10 ग्रॅम. मूठभर शेंगदाणे किंवा त्यांची चटणी, 14-15 ग्रॅम. येसर आमटीची तर्री तीन चमचे तेलाची, 15 ग्रॅम. एका जेवणातच दिवसाचा कोटा संपला.

इन्सुलिनचं गणित आता तुमच्याच आकड्यांवर बघू. 30-70 च्या 16 युनिटात जवळपास 5 युनिट लवकर काम करणारं आणि 11 युनिट उशिरा काम करणारं असतं. समजा साडेसातला टोचलं आणि आठला जेवले. लवकर काम करणारं इन्सुलिन दोन-तीन तासांत जोरावर येतं, आणि तेव्हा जेवण अजून जठरातच आहे. रक्तात उतरायला साखरच नाही, म्हणून साडेनऊला 58. मग पेढा-बिस्किटं दिली, तीही जठरातच अडकली. मध्यरात्रीनंतर जेवण आणि पेढे एकदमच खाली सरकले, तोवर लवकरच्या इन्सुलिनचा जोर ओसरलेला, म्हणून पहाटे 286. वाढलेली शुगर स्वतःही जठराला आणखी मंद करते, त्यामुळे पुढचं जेवण आणखी रेंगाळतं. हे आकडे बघून कोणी रात्रीचे युनिट वाढवले तर साडेनऊची शुगर आणखी खाली जाईल. बरेच जण तिथेच फसतात.

डोस तुम्ही घरच्या घरी बदलू नका. तीन दिवस वहीत नोंद ठेवा: जेवणाआधी, जेवणानंतर 1, 3 आणि 5 तासांनी, आणि एका रात्री पहाटे 3 ला. शेजारी टोचल्याची वेळ, काय आणि किती खाल्लं, उलटी कधी झाली तेही लिहा. ही वही घेऊन डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. जेवणाचं इन्सुलिन जेवणाआधी न टोचता जेवण पोटात टिकल्यावर, म्हणजे खाऊन झाल्यावर, टोचता येईल का? मिश्र इन्सुलिन सोडून दिवसभराचं वेगळं आणि जेवणाचं वेगळं करता येईल का? मिश्रातली ही अडचण कायमची आहे: दोन्ही भाग एकाच सुईत असल्यानं जेवणाचा भाग पुढे-मागे करता येत नाही. आणि ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी सोबत चालू असेल तर ती कमी करायची का? शक्य असेल तर 14 दिवस दंडावर चिकटवायचा शुगरचा सेन्सर लावून बघा. यांची शुगर दोन मोजण्यांमध्ये कुठे जाते ते त्यातूनच दिसतं.

आता चुलीकडे येऊ. आधी एक चाचणी शिकून घ्या, ती रोजच्या रोज उपयोगी पडेल. शिजलेलं शीत किंवा डाळ अंगठा आणि पहिल्या बोटात दाबून चोळा. मध्ये कणी लागली तर अजून शिजवा. नुसता गुळगुळीत लगदा लागला तर वाढा. स्वीडनमध्ये डायबेटिसवाल्या गॅस्ट्रोपॅरेसिसच्या रुग्णांना असं काट्यानं सहज चिरडता येणारं जेवण देऊन पाहिलं, त्याचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. साध्या मधुमेही आहारापेक्षा त्यांची मळमळ, उलटी, पोट तटणं या तक्रारी जास्त कमी झाल्या.

थोडं म्हणजे किती, तर एका वेळी एक मोठी वाटी, 200 मिलीच्या आसपास, जास्तीत जास्त 250. पातळ आणि घट्ट मिळून. अशा सहा वेळा. सकाळी जठर बरं चालतं, दिवस ढळेल तशी सुस्ती वाढते, म्हणून घट्ट पदार्थ दुपारपर्यंत उरकायचे आणि संध्याकाळनंतर पातळाकडे वळायचं. ज्यांच्या घरी रात्रीचं जेवणच मोठं असतं, त्यांना हा बदल सगळ्यात जड जातो, आणि फरकही इथेच सगळ्यात आधी जाणवतो.

तुमच्या सासऱ्यांसाठी एक दिवस असा मांडता येईल. सकाळी सातला ज्वारीची आंबील: पीठ मैद्याच्या चाळणीनं दोनदा चाळून त्याचे दोन मोठे चमचे पाण्यात कालवा, गुठळी न होऊ देता शिजवा, कोमट झाल्यावर लोणी काढलेलं ताक आणि मीठ घाला. ज्वारी अशी पोटात गेली तर चालते. कण्या मात्र नकोत, त्या भरडच असतात. साडेनऊला दोन मऊ इडल्या पातळ वरणात चुरून, खोबऱ्याची चटणी न घेता. साडेबाराला मुगाच्या सालं काढलेल्या डाळीची मऊसूत खिचडी एक वाटी, एका भागाला पाच भाग पाणी घालून कुकरच्या सहा-सात शिट्ट्या, वरून अर्धा चमचा तूप. साडेतीनला अर्धं पिकलेलं केळं कुस्करून, साय काढलेल्या दुधाच्या दह्यात. सहाला दुधी, गाजर आणि मूगडाळ शिजवून मिक्सरमधून काढून गाळलेलं सूप, सोबत उकडलेल्या अंड्याचं पांढरं, अंडं चालत असेल तर. आठला तांदळाची पातळ पेज, त्यात साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचे दोन चमचे. साडेदहाच्या आत झोपायचं नाही.

भात, इडली आणि केळ्यानं शुगर वाढेल असं तुमच्या मनात येईलच. वाढते, पण प्रत्येक वेळी पिष्ट 25 ते 35 ग्रॅमच्या आसपास राहिलं, आणि ते ठरल्या वेळी जठरातून सुटलं, तर इन्सुलिन त्याला गाठू शकतं. शुगरच्या दृष्टीनं "उत्तम" असलेलं जेवण पाच तास पडून राहून मध्यरात्री सुटलं, तर त्याला कोणतंच इन्सुलिन गाठू शकत नाही. इथे अन्नाच्या गुणापेक्षा ते कधी सुटेल याला जास्त किंमत आहे.

भाज्या सोलून, बिया काढून: दुधी, दोडका, लाल भोपळा, गाजर, सोललेला बटाटा. अंबाडी, मेथी, शेपू, गवार, शेवगा, कोबी, मका, कच्चा कांदा, काकडी, मोडाची उसळ आणि थंडीतला हुरडा सध्या बाजूला ठेवा. यात खरी भीती वेगळीच आहे. चोथ्याचे धागे जठरात गुंतून त्यांचा गोळा होतो, त्याला बेझोअर म्हणतात, आणि तो वाट अडवतो. मोसंबी-संत्र्याच्या फोडीवरची पांढरी साल, ओलं खोबरं, अंजीर हे त्यात मुख्य. जालन्याकडची मोसंबी घरात असेल तर फोडी चावून खाऊ देऊ नका. अर्धा कप रस गाळून द्या आणि त्याची साखर पिष्टात धरा. मटण नकोच. कोंबडी आवडत असेल तर खिमा करून, कातडी आणि चरबी काढून, रश्श्यात अगदी मऊ शिजवून.

तुम्ही आणखी एक गोष्ट बघा, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: त्यांचे दात. दाढा पडलेल्या असतील आणि कवळी नसेल, तर पहिलं जातं तोंडातच बंद आहे. अशा वेळी सगळं मिक्सरमधून काढून द्या. तंबाखू, मग ती चुन्यासोबतची असो की बिडी, जठराला मंद करते. सोडवता आली तर औषधाइतकाच उपयोग होईल. दारू आणि सोड्याच्या बाटल्याही नकोत. पाणी जेवताना दोन घोटच, बाकीचं मधल्या वेळात घोट घोट. जेवल्यावर दोन तास आडवं व्हायचं नाही. ओसरीवर नाहीतर अंगणात वीस मिनिटं सावकाश फेऱ्या माराव्यात.

पंधरवड्यात वजन आणखी उतरलं तर बंदी वाढवू नका, पातळ वाढवा. तेल-तूप घन अन्नात अडकतं, पण दुधातून गेलेलं स्निग्ध बऱ्याच जणांना सोसतं, त्यामुळे गाईच्या दुधात पावडर घालून दोन वेळा जास्त देता येईल. दुकानातली पोषणाची पावडर आणली तर डब्यावर फायबर, म्हणजे चोथा, किती ते वाचा. मधुमेहासाठीच्या बऱ्याच पावडरींत ते मुद्दाम घातलेलं असतं, आणि इथे तेच नको आहे. तीन महिन्यांत चार किलो उतरणं हलकं घेऊ नका. आधीचं वजन 80 किलोच्या आत असेल तर ते 5 टक्क्यांच्या वर जातं. त्या पातळीला पोषणाचा वेगळा विचार करावा लागतो, म्हणून डॉक्टरांना हा आकडा आवर्जून सांगा. मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-12 तपासून घ्या.

एकादशी धरूच नये असं म्हणत नाही, पण साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा कूट हे या पोटाला सगळ्यात वाईट. भगर पातळ शिजवून ताकासोबत, किंवा राजगिऱ्याच्या पिठाची पातळ लापशी, आणि तीही सहा वेळांत वाटून. निर्जळा उपवास इन्सुलिनवर असताना अजिबात नको.

आता तपासणी. "असेल" म्हणून थांबू नका. सकाळची उलटी जठराच्या तोंडाशी अडथळा असला तरी होते, अल्सरनं होते, किडनीचा त्रास वाढला तरीही होते. आधी एंडोस्कोपी करून वाट मोकळी आहे ना ते बघतात, ती जिल्ह्याच्या ठिकाणी होते. जाताना डॉक्टरांना आधीच सांगा की यांच्या पोटात रात्रीचं अन्न उरतं. नेहमीचा रात्रभराचा उपवास यांना पुरत नाही, आदल्या दिवशी फक्त पातळ द्यावं लागतं. मोतीबिंदू असो की हाड बसवणं, भूल द्यायची वेळ आली तरी हेच भूलतज्ज्ञांच्या कानावर घाला, कारण भुलेत पोटातलं अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. सोबत क्रिएटिनिन आणि थायरॉइडही तपासून घ्या.

अडथळा नसेल तर खात्रीची चाचणी म्हणजे जठर रिकामं होण्याचा स्कॅन. त्यात अत्यल्प किरणोत्सारी पदार्थ मिसळलेलं हलकं जेवण, बहुधा अंड्याच्या पांढऱ्याचं, खायला देतात आणि 4 तास चित्रं काढतात. 2 तासांनी 60 टक्क्यांपेक्षा जास्त किंवा 4 तासांनी 10 टक्क्यांपेक्षा जास्त अन्न उरलं तर निदान पक्कं. हा स्कॅन न्यूक्लिअर मेडिसिन विभाग असलेल्या मोठ्या शहरातच होतो, त्यामुळे फेरा वाया जाऊ नये म्हणून त्या सकाळी शुगर मोजून जा. 275 च्या वर असेल तर वाढलेल्या साखरेनंच जठर मंद दिसतं आणि चाचणी भरवशाची राहत नाही. जठर चालवणाऱ्या किंवा थांबवणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी बंद ठेवायच्या तेही विचारून घ्या, सहसा 2 ते 3 दिवस.

त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून न्या. पायाच्या आगीसाठी रात्री अमिट्रिप्टिलिन चालू असेल, पोटदुखीसाठी डायसायक्लोमिन किंवा सांधेदुखीसाठी ट्रॅमाडॉल घेत असतील, तर तीनही जठराला मंद करतात. वजन आणि शुगर उतरवणारी सेमाग्लुटाइड, डुलाग्लुटाइडसारखी इंजेक्शनंही तसंच करतात. कधीकधी फक्त एक औषध बदलून निम्मी तक्रार जाते. मात्र नसांची गोळी एकदम सोडू नका, डॉक्टर ती हळूहळू कमी करून दुसरी देतात.

जठर हलवणाऱ्या औषधांबद्दल एवढंच: मेटोक्लोप्रमाइड जेवणाआधी अर्धा तास देतात, पण ते 12 आठवड्यांपेक्षा जास्त सलग घेत नाहीत, कारण ओठ-जीभ आपोआप हलत राहण्याचा विकार जडू शकतो, आणि तो गोळी बंद केल्यावरही राहू शकतो. लेव्होसल्पिराइडनंही हात थरथरणं, चाल मंदावणं होऊ शकतं. डॉम्पेरिडोन हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करू शकतं, म्हणून सुरू करण्याआधी ईसीजी काढून घ्या. मेडिकलवरून वर्षानुवर्षं आपणहून घेण्याच्या या गोळ्या नाहीत.

उलटीच्या दिवशी काय करायचं ते कागदावर लिहून घडवंचीजवळ लावा. शुगर दर 2 तासांनी मोजायची. ओआरएस एका वेळी दोन मोठे चमचे, पाच-पाच मिनिटांनी. जेवणाचं इन्सुलिन टोचायचं की नाही हे डॉक्टरांना फोन करून ठरवायचं, पण दिवसभराचं वेगळं इन्सुलिन सुरू झालं असेल तर ते आपणहून पूर्ण बंद करायचं नाही. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी असेल तर उलट्या थांबेपर्यंत ती बंद ठेवायची, नाहीतर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. पाण्याचा घोटही 6-8 तास टिकत नसेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळं दिसलं, श्वास जोरात आणि खोल चालू झाला, गुंगी आली किंवा शुगर 300 च्या वर राहिली, तर रात्र असली तरी गाडी काढा.